‘वीस-वीस पानं वाटून घ्या’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

“कितीही मोठं इतिवृत्त असू दे, घाबरू नका. 20-20 पानांचे सारखे तुकडे पाडा, ग्रुपमध्ये वाटून घ्या. प्रत्येकाने आपल्या तुकड्याचा एक पान सारांश लिहायचा, दुसऱ्याचा वाचायची गरज नाही. मग एकाने सगळे एकाखाली एक जोडायचे. सारखी वाक्यं उडवा, विसंगती दिसली तर शेवटच्या तुकड्यातलं खरं धरा. मूळ परत उघडायची गरजच नाही!”

हा मेसेज कोणकोणत्या ग्रुपात फिरतो आहे ते मला माहीत नाही, पण तो माझ्या भाचीच्या अभ्यासगटात पोहोचला आणि त्या मुलींनी तो चक्क अमलात आणला. तोही कशावर, तर संविधान सभेतल्या चर्चांवर! 11 अधिवेशनं, 165 दिवस, 12 खंड. तयार झालेल्या नोट्स तिने मला कौतुकाने पाठवल्या. त्यात पान 4 वर लिहिलं होतं, “सभेने अल्पसंख्याकांसाठी राखीव जागा मान्य केल्या” आणि पान 11 वर, “सभेने अल्पसंख्याकांसाठी राखीव जागा नाकारल्या.”

आधी सारख्या तुकड्यांचं बघू. पानं मोजून तोडलं की ठराव एका मुलीकडे जातो आणि त्याचं मतदान दुसरीकडे. सभेचं कामकाज एका ठरलेल्या क्रमाने चालायचं. कलम मांडायचं, दुरुस्त्या सुचवायच्या, भाषणं, मसुदा समितीचं उत्तर आणि मग मतदान. तोडायचंच तर मतदानानंतर तोडा, मग तुकडा 8 पानांचा होवो की 35 पानांचा. त्यानेही सगळं भागत नाही. देशाचं नाव ठरवणारं कलम 1 हे नोव्हेंबर 1948 मध्ये चर्चेला आलं, नावाचा मुद्दा पुढे ढकलला गेला आणि निकाल लागला 18 सप्टेंबर 1949 ला, जेव्हा सभेचे सदस्य ह. वि. कामत यांची नावाबद्दलची दुरुस्ती 38 विरुद्ध 51 मतांनी पडली. त्यामुळे प्रत्येक सारांशाखाली ‘अर्धवट राहिलेलं’ अशी एक ओळ हवीच, नाहीतर नोव्हेंबरवाली मुलगी विषय संपला असं समजते आणि सप्टेंबरवालीला तो मुळात कुठून आला हेच कळत नाही.

आता माझं डोकं फिरवणारा मुद्दा, शेवटच्या तुकड्यातलं खरं धरा. यात अर्धं सत्य आहे हे कबूल करतो, नाइलाजाने. सभेने एखादा निर्णय घेऊन नंतर तो बदलला असेल, तर बदललेलाच लागू. पण त्यासाठी दोन्ही वाक्यं एकाच गोष्टीबद्दल आहेत हे आधी ठरवावं लागतं, आणि राखीव जागांच्या बाबतीत ती तशी नव्हती.

ऑगस्ट 1947 मध्ये सरदार पटेलांच्या सल्लागार समितीचा अहवाल सभेपुढे आला. सभेने स्वतंत्र मतदारसंघ फेटाळले आणि संयुक्त मतदारसंघात 10 वर्षं राखीव जागा मान्य केल्या. त्या अहवालात अल्पसंख्याक म्हणून मुस्लिम, भारतीय ख्रिस्ती यांच्याबरोबर अनुसूचित जातीही धरलेल्या आहेत. 4 नोव्हेंबर 1948 ला मसुदा मांडताना आंबेडकरांनी अल्पसंख्याकांच्या संरक्षणाची ठाम बाजू घेतली, तेव्हा मसुद्यातल्या कलम 292 मध्ये मुस्लिमांच्या राखीव जागा होत्या. मग मे 1949 मध्ये पटेलच नवा अहवाल घेऊन आले आणि धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागा सभेने काढून टाकल्या. अनुसूचित जातींच्या राहिल्या. आजचं कलम 330 ते हेच.

आता फॉरवर्डचा नियम लावा. शेवटचं खरं, म्हणजे ‘अल्पसंख्याकांच्या राखीव जागा नाकारल्या’ हे राहिलं आणि पान 4 चं वाक्य उडालं. त्या पानावर अल्पसंख्याकांत अनुसूचित जाती धरल्या होत्या. म्हणजे नोट्स वाचणाऱ्याला त्यांच्याही जागा गेल्या असंच वाटणार. शिवाय सभेने आधी मान्य करून 21 महिन्यांनी मत बदललं, ही सगळ्यात महत्त्वाची गोष्टच गायब. मुख्य परीक्षेत नेमकं हेच विचारतात.

विसंगती दिसली की तीन गोष्टी विचारायच्या. दोन्ही वाक्यं एकाच तारखेची आहेत का? बोलतंय कोण, एखादा सदस्य की मतदान करणारी सभा? आणि ज्यांच्याबद्दल बोलणं चाललंय ते लोक दोन्हीकडे तेच आहेत का? इथे पहिल्याच प्रश्नाला उत्तर ‘नाही’ येतं, तिसऱ्यालाही ‘नाही’. तेव्हा एक वाक्य ठेवून दुसरं फेकायचं नाही, दोन्ही तारखांसह ठेवायची, मध्ये ‘पुढे बदलले’ घालायचं आणि दोन्हीकडे गट नावानिशी लिहायचे. आंबेडकरांचं भाषण तर विसंगतीत मोडतच नाही, ते त्या दिवसाचं त्यांचं मत होतं. नोट्समध्ये मात्र त्याचंही ‘सभेचं म्हणणं’ करून टाकलं होतं.

सारखी वाक्यं उडवण्यातही हीच भानगड झाली. ‘मुस्लिमांची स्वतंत्र मतदारसंघाची मागणी फेटाळली’ आणि ‘मुस्लिमांच्या राखीव जागा रद्द केल्या’ ही दोन वाक्यं जोडणारीला एकच वाटली, तिने पहिलं खोडलं. स्वतंत्र मतदारसंघात मत फक्त त्याच समाजाचे लोक देतात. राखीव जागेत उमेदवार ठरावीक समाजाचा असतो, मत सगळे देतात. उलट मसुद्यातलं 292 आणि अंतिम 330 हे एकच असूनही नोट्समध्ये दोन ठिकाणी आलं, कारण आकडे वेगळे. सारखेपणा शब्दांत शोधला की असंच होणार. हे काम माणसाने केलं काय, सॉफ्टवेअरने केलं काय, गत तीच.

म्हणून सुरुवातीलाच सगळ्यांच्या हातात एकच कागद हवा. मसुद्यातलं कलम आणि अंतिम कलम यांची जोडयादी, आणि कोणता गट कोणत्या नावाने लिहायचा ते. सारांशही निबंधासारखा नको. प्रत्येक नोंद एका ओळीची, त्यात तारीख, कलम, कोण, प्रस्ताव की मत की निर्णय, आणि खंड-पान. मग जोडणारी मुलगी तुकड्यांच्या क्रमाने जोडत नाही, कलमाप्रमाणे ओळी गोळा करते आणि प्रत्येक कलमाखाली त्या तारखेने लावते. पुनरावृत्ती आणि विसंगती तिथे आपोआप शेजारी-शेजारी येतात. परिच्छेद लिहायचे ते त्यानंतर.

राहता राहिलं मूळ न उघडण्याचं. अहो, खंड-पान लिहायचं ते कशासाठी? 12 खंड परत वाचा असं कोणी म्हणत नाही. जिथे दोन ओळी भांडतात तेवढीच पानं उघडायची. आणि एकदा उलट्या बाजूने, फक्त मतदानाचे निकाल मुळातून चाळून प्रत्येक निकाल नोट्समध्ये सापडतो का ते बघायचं. न सापडलेले निकाल एरवी कुणालाच दिसत नाहीत, कारण जे लिहिलंच नाही ते कशाशी विसंगत दिसणार? भाचीच्या नोट्समध्ये कलम 1 चा निकालच नव्हता. तो तुकड्याच्या कडेला आला होता आणि दोघींनी तो एकमेकींचा समजून सोडून दिला होता.