हिरवं नेमकं कुठलं काढायचं?

«ट्यूबलाइटखालचं फुटेज हिरवट आलंय? टिंट मॅजेंटाकडे ओढा, हिरवं जाईपर्यंत. उरलंच तर हिरव्याचं सॅच्युरेशन शून्य करा. दोन मिनिटांचं काम.»

या सल्ल्यात स्लायडर बरोबर निवडलाय. ट्यूबमधल्या पाऱ्याच्या प्रकाशात ५४६ नॅनोमीटरला हिरव्याचा उंच सुळका असतो. टेंपरेचरचा स्लायडर निळं-नारिंगी हलवतो, त्याने हा सुळका बसत नाही, टिंटनेच बसतो.

पण «जाईपर्यंत» म्हणजे कुठवर? लालबागच्या चाळीत आजीची मुलाखत शूट केली होती. स्वयंपाकघराची भिंत पिस्ता रंगाची. मी भिंतीकडे बघत टिंट ओढत गेलो. भिंत राखाडी झाली तेव्हा आजीचे गाल गुलाल लावल्यासारखे दिसत होते. भिंत मुळातच हिरवी होती! मग ट्यूबखाली टांगलेल्या कॅलेंडरचा कोरा कागद संदर्भ म्हणून धरला. परेड स्कोपवर, म्हणजे लाल-हिरवं-निळं वेगवेगळं दाखवणाऱ्या आलेखावर, त्या कागदाची हिरवी पट्टी लाल-निळ्याच्या वर होती. ती त्यांच्या पातळीला आली तिथे थांबलो. टिंट +१८. डोळ्यांनी मी +३५ वर गेलो होतो.

तरीही काम संपलं नाही, कारण डावीकडे खिडकी होती. दिवसाच्या उजेडात हिरवा सुळका नसतो, म्हणून तेच +१८ खिडकीकडच्या पांढऱ्या केसांवर जांभळट चढलं. संपूर्ण फ्रेमचा टिंट काढून टाकला. नवीन नोडवर, म्हणजे दुरुस्तीच्या वेगळ्या टप्प्यावर, ट्यूबच्या बाजूने उतरता मास्क घेतला, कड भरपूर मऊ ठेवली आणि टिंट फक्त त्यात दिला. कड कडक राहिली तर चेहऱ्यावर मधोमध रेघ दिसते. आजी पुढे-मागे झुलत बोलते, पण मास्क ट्रॅक केला नाही; दिवा जागचा हलत नाही, मास्कही हलायला नको.

सॅच्युरेशन शून्य करण्याचा सल्ला मला सगळ्यात जास्त खटकतो. कातडीवरची हिरवट छटा हिरव्या पट्ट्यात बसतच नाही. गव्हाळ रंगात मिसळून ती पिवळसर होते. मी करून पाहिलं: फोडणीतला कढीपत्ता राखेसारखा झाला, हनुवटीखालची सावली होती तशीच आजारी. त्या सावलीसाठी रंगावरून भाग निवडणाऱ्या क्वालिफायरने कातडीचा रंग उचलला, ल्युमिनन्सने म्हणजे उजळपणावरून फक्त गडद भाग ठेवला, निवड थोडी ब्लर केली आणि तिथे टिंट आणखी +६ दिला. रंगछटा गोल तबकडीवर दाखवणाऱ्या व्हेक्टरस्कोपवर कातडीचा ठिपका स्किन टोनच्या रेषेवर येऊन बसला. मोबाइलच्या ८ बिट फुटेजमध्ये अशी निवड कडेला किडे वळवळल्यासारखी दिसते. तिथे मास्कवरच भागवावं.

आणि रंग फ्रेमगणिक बदलत असेल, आडवे पट्टे सरकत असतील, तर एका टिंटने काहीच होणार नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. शूटलाच शटर १/५० किंवा १/१०० ठेवावं लागतं.