मायट्रल झडपेची गळती: आकड्याआधी दोष कुठे आहे ते बघा

“मायट्रल झडपेची गळती ही शेवटी गळतीच. पंपिंग ६० टक्के असेल आणि धाप लागत नसेल तर गोळ्यांवर वर्षानुवर्षं निघतात. रिपोर्टमध्ये ‘सिव्हिअर’ आलंच तर छाती उघडू देऊ नका, पायातून क्लिप बसवून घ्या, काम तेच होतं.”

या सल्ल्यातलं पहिलंच वाक्य चुकीचं आहे आणि पुढची दोन त्याच्याच आधाराने उभी आहेत. हृदयाच्या डाव्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली मायट्रल झडप म्हणजे नुसती दोन पाती नव्हेत. पात्यांना खालून धरणाऱ्या दोऱ्या, त्या दोऱ्या जिथे बांधल्या आहेत ते स्नायू, ते स्नायू ज्या भिंतीतून निघतात तो हृदयाचा डावा खालचा कप्पा आणि वर पाती जिच्यावर बसली आहेत ती कडी, एवढं सगळं जुळलं तर झडप मिटते. पातं फुगून वर जात असेल, दोरी तुटली असेल किंवा संधिवाताच्या तापामुळे पाती जाड होऊन आखडली असतील, तर दोष झडपेतच आहे. ही प्राथमिक गळती. पाती धड आहेत, पण हार्ट अटॅकनंतर किंवा हृदयाच्या स्नायूच्या आजाराने कप्पा फुगला, भिंत लांब सरकली, दोऱ्या ताणल्या गेल्या आणि पाती एकमेकांपर्यंत पोचेनाशी झाली, तर ती दुय्यम गळती. पहिल्यात झडप हृदयाला आजारी पाडते, दुसऱ्यात हृदय झडपेला. उपचारांची सगळी वाट इथेच फुटते.

आता पंपिंगचा मुद्दा, कारण जास्तीत जास्त नुकसान याच वाक्याने होतं. समजा, एका माणसाची दोरी तुटली आहे. त्याच्या डाव्या कप्प्यात भरल्यावर २०० मिलि रक्त मावतं आणि प्रत्येक ठोक्याला १२० मिलि बाहेर पडतं. पंपिंग, म्हणजे ईएफ, झालं ६० टक्के. पण इकोवर गळतीच्या तोंडाशी दिसणाऱ्या अर्धगोलाची त्रिज्या ०.९ सेंमी आहे, तिथला वेग सेकंदाला ४० सेंमी आणि गळतीच्या झोताचा कमाल वेग सेकंदाला ५०० सेंमी. २ × ३.१४ × ०.९ × ०.९ × ४० ला ५०० ने भागलं की भोकाचं क्षेत्रफळ येतं ०.४१ चौरस सेंमी. रिपोर्टवर हाच आकडा ईआरओए म्हणून असतो. त्याला झोताच्या आलेखाखालच्या १५० सेंमीने गुणलं की कळतं, ठोक्यामागे ६१ मिलि रक्त उलटं वरच्या कप्प्यात जातंय. म्हणजे बाहेर पडलेल्या १२० मधलं शरीराला मिळालं जेमतेम ५९.

वरच्या कप्प्यात दाब कमी असतो, त्यामुळे तिकडे रक्त ढकलायला स्नायूला फारसा जोर लागत नाही. म्हणूनच स्नायू थकायला लागला तरी ईएफ चांगला दिसत राहतो. या आजारात ६० टक्के ही सुरक्षित जागा नाही, ती धोक्याची रेषा आहे. गंभीर प्राथमिक गळतीत ईएफ ६० किंवा त्याखाली आला, किंवा आकुंचनानंतरचा कप्प्याचा व्यास ४० मिमी किंवा जास्त झाला, तर धाप लागत नसली तरी शस्त्रक्रिया करायची असते. ईएफ ५० वर उतरेपर्यंत थांबलं तर झडप दुरुस्त होते, पण दुरुस्तीनंतर ईएफ आणखी उतरतो आणि पुष्कळदा परत वर येत नाही. गोळ्या तुटलेली दोरी जोडत नाहीत. रक्तदाब असेल तर त्यावर उपचार हवेतच, पाण्याच्या गोळीने धापही कमी होते, पण दाब नॉर्मल असलेल्या, त्रास नसलेल्या माणसाला गळती रोखायला म्हणून औषध दिल्याने शस्त्रक्रिया टळते असं दिसलेलं नाही.

‘सिव्हिअर’ हा शब्दही तपासून घ्यावा लागतो. इकोवर उलट्या झोताचा रंगीत डाग मोठा म्हणजे गळती मोठी, असं नसतं. भिंतीला घासून जाणारा झोत पडद्यावर लहान दिसतो. पातं ठोक्याच्या उत्तरार्धातच निसटत असेल, तर एका क्षणाचं मोजमाप गळती फुगवून सांगतं. उलट भूल दिली की रक्तदाब उतरतो आणि तीच गळती सौम्य वाटते. प्राथमिक गळतीत ०.४० चौरस सेंमी भोक, ६० मिलि उलटं रक्त आणि निम्मं रक्त मागे, हे तिन्ही साधारण जुळले तर मी निःशंक होते. एकच आकडा वेगळं बोलत असेल तर अन्ननलिकेतून इको किंवा हृदयाचा एमआरआय करून घ्यावा.

दुय्यम गळतीत हे आकडे सहसा एकत्र जुळत नाहीत. दुसरा माणूस घ्या: कप्पा २२० मिलि, ईएफ ३० टक्के, म्हणजे ठोक्याला ६६ मिलि. भोक ०.२६, उलटं रक्त ३६ मिलि. वरच्या मापाने बघितलं तर गळती मध्यम. पण ६६ पैकी ३६ गेले, शरीराला उरले ३०. निम्म्याहून जास्त मागेच. शिवाय इथलं भोक गोल नसतं, पाती जिथे भेटतात त्या रेषेवरची लांबट चीर असते, आणि अर्धगोल धरून केलेलं गणित ती कमी मोजतं. म्हणून युरोपीय मार्गदर्शक तत्त्वं अशा लांबट भोकाला ०.३० पासूनच गंभीर मानायला मोकळीक देतात.

या दुसऱ्या माणसाला मात्र आधी औषधंच. हार्ट फेल्युअरची चारही प्रकारची औषधं सोसतील तितक्या डोसपर्यंत चढवायची, डाव्या बाजूला विजेचा संदेश उशिरा पोचत असेल, म्हणजे ईसीजीत रुंद डावा बंडल ब्लॉक असेल, तर दोन्ही बाजू एका वेळी चालवणारा पेसमेकर बसवायचा आणि काही महिन्यांनी इको पुन्हा करायचा. कप्पा आटला, पाती जवळ आली आणि गळती उतरली, तर क्लिपचा विषयच संपतो. गळती गंभीरच राहिली, धाप राहिली, ईएफ २० ते ५० मध्ये आहे, आकुंचनानंतरचा व्यास ७० मिमीच्या आत आणि फुप्फुसाच्या धमनीतला दाबही ७० च्या आत, तर क्लिपचा विचार रास्त आहे.

ही चौकट कुठून आली ते पाहण्यासारखं आहे. २०१८ मध्ये दुय्यम गळतीवर एकाच क्लिपच्या दोन चाचण्या प्रसिद्ध झाल्या. कोॲप्टमध्ये दोन वर्षांत क्लिपवाल्यांचे मृत्यू २९ टक्के, नुसत्या औषधांवर ४६. फ्रान्समधल्या मित्रा-एफआरमध्ये वर्षभरात काहीच फरक नाही. कोॲप्टमधल्या रुग्णांची भोकं सरासरी मोठी होती आणि कप्पे लहान, शिवाय औषधं पुरेशी चढवूनच त्यांना घेतलं होतं. मित्रा-एफआरमध्ये भोकं लहान, कप्पे अवाढव्य. मला पटणारं स्पष्टीकरण असं, की कप्प्याच्या मानाने गळती जास्त असेल तिथे क्लिप कामाला येते; कप्पाच पार ढासळला असेल तर गळती थांबवून फार काही हाती लागत नाही. यावर तज्ज्ञांत अजून वाद आहेत.

राहिलं “काम तेच होतं”. क्लिप दोन्ही पात्यांच्या कडा मधोमध चिमटीत धरून एकत्र आणते. सर्जन मात्र निसटलेला भाग कापतो किंवा नव्या दोऱ्या घालतो आणि कडी आवळायला रिंग शिवतो. क्लिप रिंग घालत नाही. शस्त्रक्रिया आणि क्लिप थेट समोरासमोर ठेवणाऱ्या एव्हरेस्ट-२ चाचणीत, जी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली, क्लिप सुरुवातीला जास्त सुरक्षित ठरली, पण गळती कमी करण्यात मागे पडली आणि नंतर शस्त्रक्रिया लागलेले रुग्ण तिच्या गटात जास्त निघाले. क्लिपने तोंड अरुंदही होतं, त्यामुळे संधिवाताच्या तापाने आधीच आखडलेल्या झडपेला ती बहुधा चालत नाही. म्हणून पहिल्या माणसाची प्रकृती शस्त्रक्रिया सोसण्याजोगी असेल, तर त्याने दुरुस्तीत हात बसलेला सर्जन गाठावा. वय, मूत्रपिंड, फुप्फुसं यांमुळे शस्त्रक्रिया फार धोक्याची ठरत असेल आणि पाती चिमटीत येण्याजोगी असतील, तर त्याच्यासाठीही क्लिप योग्यच आहे.