चांदीसारखी खपली, बुरशी आणि उवांची फणी : एका फिरत्या संदेशाला उत्तर

«डोक्यात चांदीसारखे जाड पोपडे केसांना घट्ट चिकटले असतील तर तो कोंडा नव्हे. त्याला टिनिया म्हणतात, म्हणजे ती बुरशी आहे आणि ती घरात सगळ्यांना लागते. रात्री लिंबाचा रस चोळा, सकाळी उवांच्या फणीने पोपडे मुळापासून काढा. सात दिवसांत फरक पडला नाही तर डोके भादरा, नाहीतर कायमचे टक्कल पडेल.»

संदेश लिहिणाऱ्याची पहिली फसगत नावाने केली आहे, आणि त्यात त्याचा दोष थोडाच आहे. या विकाराला ‘टिनिया ॲमिअँटेसिया’ म्हणतात हे खरे, आणि आज ‘टिनिया’ म्हटले की गजकर्णाची बुरशी डोळ्यांसमोर येते हेही खरे. मात्र फ्रेंच वैद्य आलिबेर यांनी या खपलीचे वर्णन 1832 साली केले, तेव्हा डोक्यावरच्या खवल्यांमागे बुरशी असू शकते हे वैद्यकाला ठाऊकच नव्हते. तो शोध त्यानंतरच्या दशकभरातला आहे. त्या काळी डोक्यावर खपली धरणाऱ्या अनेक विकारांना सरसकट एकाच नावाखाली ठेवले जाई. ‘ॲमिअँटेसिया’ हा भाग ॲस्बेस्टॉसच्या जुन्या नावावरून आला, कारण केसांभोवतीचे ते रुपेरी पदर ॲस्बेस्टॉसच्या तंतूंसारखे दिसतात. हल्ली बरेच त्वचारोगतज्ज्ञ ‘टिनिया’ टाळून ‘पिटिरियासिस ॲमिअँटेसिया’ लिहितात. त्यातला ‘पिटिरॉन’ हा ग्रीक शब्द धान्याच्या कोंड्यासाठीचा आहे. म्हणजे ग्रीकांना आणि आपल्याला एकच उपमा सुचली.

मुळात हा एक स्वतंत्र रोग नसून टाळूच्या कातडीने दाह झाल्यावर दाखवलेली एक तऱ्हा आहे. वरचा थर झपाट्याने तयार होतो, तो नीट सुटून पडत नाही, आणि केस जिथून बाहेर येतो त्या छिद्रापासूनच त्याच्याभोवती साचत जातो. दाहाचे कारण बहुतेक वेळा सोरायसिस किंवा तेलकट कोंड्याचा तीव्र प्रकार, ज्याला सेबोऱ्हिक डर्मटायटिस म्हणतात, तो असतो. कधी इसब असते. बुरशी हेही एक कारण आहे, पण ते थोड्यांच्या बाबतीत, आणि मुख्यतः मुलांमध्ये. म्हणून बुरशीची शंका खोडून टाकायची नाही, ती तपासायची.

फरक पुष्कळदा नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. ॲमिअँटेसियात केस लांब आणि अखंड असतात, आणि आठ-दहा केसांचा झुबका एकाच खपलीतून वर येतो. जवळून पाहिले तर पदर कौलांसारखे एकावर एक चढलेले दिसतात. बुरशीत केस कातडीलगत तुटतात, जागोजाग काळे ठिपके किंवा विरळ चट्टा दिसतो, आणि मानेमागे गाठी हाताला लागतात. घरात मांजराचे पिल्लू असेल किंवा भावंडालाही चट्टे असतील तर संशय वाढतो. खात्रीसाठी खवले आणि दोन-चार तुटके केस काचपट्टीवर घेऊन पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, आणि लहान मुलांमध्ये बुरशी वाढवून पाहण्याची चाचणीही करतात. तिच्या निकालाला चार आठवडेही लागू शकतात. बुरशी निघाली तर नुसत्या शाम्पूने किंवा मलमाने भागत नाही, कारण ती केसाच्या आत शिरलेली असते. काही आठवडे पोटातून गोळी घ्यावी लागते आणि घरातल्या इतरांचीही डोकी पाहावी लागतात. बुरशी नसेल तर हा विकार कोणालाही लागत नाही, आणि मुलाचा कंगवा-टॉवेल वेगळा काढून त्याला ओशाळवाणे करण्याचे काहीच कारण उरत नाही.

आता फणी. दाहाची जागा उकरली की सोरायसिस नेमका तिथेच अधिक फुलतो, हे त्वचारोगात दीर्घकाळ माहीत आहे. शिवाय खपली केसाला नळीसारखी वेढून असल्यामुळे ती मुळापासून ओढली की केसही सोबत येतो. मागे माझ्याकडे बारा वर्षांची एक मुलगी आली होती. तिच्या टाळूच्या मागच्या भागात तळहाताएवढी जागा खपलीने भरली होती. आईने दहा दिवस रोज उवांची फणी फिरवली होती, आणि कागदाच्या पुडीत तिने जे जपून आणले होते ते पाहून मला फणीबद्दल वेगळे काही सांगावे लागले नाही: प्रत्येक पांढऱ्या पोपड्याच्या पोटातून चार-पाच केस मुळासकट आले होते. खाली कातडी लाल, ओलसर आणि दोन ठिकाणी पिवळट खपल्यांनी झाकलेली होती. तिथे जंतुसंसर्ग झाला होता, म्हणून पहिले पाच दिवस प्रतिजैविक द्यावे लागले आणि खपली सोडवण्याचे काम त्यानंतर सुरू झाले. पिवळी खपली, वास किंवा पू दिसला तर हाच क्रम योग्य असतो.

लिंबाबद्दल फार लिहीत नाही. त्याचा रस चांगलाच आम्लधर्मी असतो आणि चिरा पडलेल्या टाळूला तो झोंबतो, तर खपलीच्या जाडीवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. खपली सैल करणारे आम्ल वेगळे, त्याचे प्रमाण मोजलेले असते.

खपली सैल करायची रीत अशी. केसांचे भांग पाडत जावे आणि कोमट केलेले तेल बोटांच्या टोकांनी खपलीच्या तळाशी लावावे. केसांना चोपडून उपयोग नाही. खोबरेल चालते, परंतु मूळ कारण तेलकट कोंड्याचे असेल तर पातळ पॅराफिन अधिक बरे, कारण त्या कोंड्याशी संबंध असलेली मॅलासेझिया ही यीस्ट तेलातल्या स्निग्धाम्लांवर जगते आणि पॅराफिनमध्ये तिच्या कामाचे काही नसते. डोक्यावर प्लॅस्टिकची टोपी किंवा जुने कापड बांधून दोन-तीन तास, गरज पडली तर रात्रभर ठेवावे. यीस्ट तेलावर जगते म्हणूनच खोबरेल दिवसचे दिवस डोक्यात ठेवू नये. सैल करून झाले की ते धुऊन निघालेच पाहिजे.

धुताना लोक एक चूक हमखास करतात: आधी पाणी ओततात. शाम्पू कोरड्या, तेलकट केसांवर आधी चोळावा, दोन मिनिटे थांबावे आणि मग पाणी घ्यावे. म्हणजे तेल शाम्पूत मिसळून निघते. केस ओले असतानाच पुढचे काम करायचे. एका हाताच्या दोन बोटांनी झुबका मुळापाशी धरावा, म्हणजे ताण मुळावर येत नाही. दुसऱ्या हाताच्या बोटांच्या मऊ भागाने सुटलेला पदर केसावरून टोकाच्या दिशेने सरकवत न्यावा. नखे नकोत, फणी नको. रुंद दातांचा कंगवा आडवा धरून हलकेच फिरवला तर चालतो. जो पदर सरकत नाही तो त्या दिवशी तसाच सोडावा. कातडी लाल झाली, ओली लागली किंवा टिपूस रक्त दिसले की थांबावे. पहिल्या आठवड्यात हे रोज, नंतर दिवसाआड. त्या मुलीची खपली पहिल्या तीन दिवसांत फारशी हलली नाही आणि आईचा धीर सुटत आला होता. पाचव्या धुण्याला मोठे पदर सुटू लागले आणि तिसऱ्या आठवड्यात टाळूची कातडी दिसली.

फक्त तेलाने खपली हलत नसेल तर सॅलिसिलिक आम्लाचे मलम लागते. लहान मुलांना 2 ते 3 टक्के, मोठ्यांना 5-6 टक्क्यांपर्यंत देतात, आणि ते काही तास ठेवून धुतात. काही मलमांत कोल टारही असतो; त्याचा वास येतो आणि उशीच्या अभ्र्याला डाग पडतात, हे आधीच सांगितलेले बरे. हे आम्ल कातडीतून थोडे रक्तात जाते, म्हणून दोन वर्षांखालील बाळांना ते देऊ नये आणि मोठ्या मुलांच्याही संपूर्ण डोक्याला एकदम चोपडू नये. कानात आवाज येणे, मळमळ किंवा श्वास भराभर चालणे ही ते जास्त शोषले गेल्याची लक्षणे आहेत. ॲस्पिरिनची ॲलर्जी असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नये.

खाज आणि लाली शमवण्याचे खरे औषध बहुधा स्टेरॉइडचे लोशन असते, परंतु खपली शाबूत असताना ते लावले तर ते तिच्या पाठीवरच सुकते. आधी खपली, मग लोशन, आणि तेही ठरवून दिलेले दोन ते चार आठवडेच. औषधाच्या दुकानातून मिळणारी, स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेली मलमे इथे वापरू नयेत. कारण बुरशी असलीच तर स्टेरॉइडने तिची खूण पुसट होते आणि ती आतल्या आत पसरते.

डोके भादरण्याची गरज बहुतेकांना पडत नाही. केस काढल्याने मलम लावणे सोपे होते, एवढाच त्याचा फायदा. दाह जिथल्या तिथे राहतो आणि उंचसखल खपलीवरून वस्तरा फिरवला की कापते. टकलाची भीतीही बहुतांशी अनाठायी आहे. खपलीसोबत गेलेले केस बहुधा परत येतात, कारण कातडीत केस जिथून उगवतो ती जागा जिवंत असते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, तेव्हा विरळपणा भरायला काही महिने लागतात. मात्र कातडी गुळगुळीत, चकचकीत झाली आणि केसांची छिद्रेच दिसेनाशी झाली, तर तिथे व्रण बसला आहे आणि केस येणार नाहीत. तसे क्वचित होते आणि बहुधा चिघळलेल्या संसर्गानंतर होते. अशी जागा दिसली तर त्याच आठवड्यात दाखवावे.

त्या मुलीची तपासणी संपता संपता मी तिचे कोपर पाहिले. दोन्ही कोपरांवर रुपयाएवढे, कोरडे, रुपेरी चट्टे होते. घरच्यांना ते शाळेच्या बाकावर कोपर टेकल्याने पडलेले वाटत होते. सोरायसिसचे निदान तिथे झाले, आणि आता खपली पुन्हा जमू लागली की आई आठवड्यातून दोनदा तेल-शाम्पूचा तोच क्रम धरते. फणी त्या घरात आता फक्त उवांसाठी आहे.