पानावरचं काळं आधी पुसून बघा

«गुलाबाला काय झालंय ते एका फोटोवरून कळतं. काळं दिसलं की ब्लॅक स्पॉट, पांढरं दिसलं की भुरी, पान किंवा कळी वाकडी झाली की मावा. रंग बघायचा आणि औषध मारायचं, एवढं सोपं आहे.»

फोटोवरून बरंच कळतं, त्याबद्दल वाद नाही. पण रंग हा त्यातला सगळ्यात कच्चा पुरावा आहे. एक फोटो घेऊनच बघू.

ओळखीच्या एका बाईंनी पाठवलेला. वरून काढलेलं एकच पान. त्यावर काळपट डाग आणि पाच-सहा पांढरे कण. वरच्या हिशोबाने दोन रोग झाले, आणि बाईंनी बुरशीनाशक आणायची तयारीही केली होती. फोटो मोठा करून पाहिला तर काळ्या डागाला धड कडा नव्हती. तो शिरांवरून आडवातिडवा पसरला होता, मध्ये कुठे दाट, कुठे विरळ, आणि त्याच्या आजूबाजूचं पान हिरवंगार होतं. शिवाय पानाला एका बाजूने तेलकट चकाकी होती. पांढरे कण प्रत्येकी सुटे होते, लांबट, आणि एकाच्या कडेला केसासारखे बारीक पाय दिसत होते.

त्यांना दोनच गोष्टी करायला सांगितल्या. ओल्या कापसाने पानाचा अर्धा भाग पुसून पुन्हा फोटो, आणि त्या पानाच्या बरोबर वर असलेल्या कोवळ्या शेंड्याचा फोटो. पुसलेला अर्धा भाग स्वच्छ निघाला. शेंड्यावर कळीच्या देठाला हिरवा मावा दाटीने चिकटलेला होता. म्हणजे त्या पानावर रोग एकही नव्हता. मावा वर बसून रस शोषतो, त्याची चिकट गोड विष्ठा खालच्या पानांवर ठिबकते आणि त्या चिकटपणावर काजळी नावाची काळी बुरशी धरते. पांढरे कण म्हणजे माव्याची टाकलेली कात. मोठा होईपर्यंत मावा चार वेळा कात टाकतो, म्हणून ते कण एकाच घडणीचे पण लहानमोठे दिसतात. गुन्हेगार फोटोच्या चौकटीबाहेर होता.

आता खरा ब्लॅक स्पॉट कसा दिसतो? तोही बहुतेक वेळा खालच्या पानांवर आणि पानाच्या वरच्या बाजूलाच येतो, म्हणून नुसत्या जागेवरून काजळीपासून वेगळा करता येत नाही. बघायची ती कडा. ठिपका साधारण गोल, वाढला तर सेंटीमीटरभर, आणि त्याची कडा सरळ कापल्यासारखी नसून झालरीसारखी असते. बुरशीचे धागे पानाच्या वरच्या पापुद्र्याखालून चहूबाजूंना पसरतात, त्यामुळे ती झालर येते. फोटो नीट असेल तर जुन्या ठिपक्यात टाचणीच्या टोकाहून बारीक काळे उंचवटेही दिसतात. भोवती पान पिवळं पडू लागतं आणि मग गळतं. पुसून तो जात नाही, कारण तो पानावर नाही, पानात आहे.

नेमकी ही झालरच बहुतेक फोटोंत हरवते. लोक मोबाइल पानाला टेकवतात, लेन्सला फोकस मिळत नाही आणि प्रत्येक ठिपका गुळगुळीत गोळा दिसतो. वीतभर अंतरावरून फोटो काढा आणि नंतर कापून मोठा करा. चॅटवर पाठवताना मूळ फाइल पाठवा. दाबून लहान केलेल्या फोटोत आधी जाते ती कडाच. अशा पुसट फोटोवरून केवडा या वेगळ्याच रोगालाही ब्लॅक स्पॉट ठरवलं जातं. केवड्याचे डाग जांभळट असतात आणि शिरांना अडून कोनेदार होतात. तो सहसा वरच्या कोवळ्या पानांवर येतो.

पांढऱ्याची गोष्ट थोडी सोपी आहे. भुरी पिठासारखी असते, चट्टा कडेला विरत जातो, आणि ती कोवळ्या भागावर येते: नवी पानं, कळीचा देठ, कळीभोवतीची हिरवी दलं. जुन्या, जाड झालेल्या पानावरच पांढरं दिसत असेल आणि शेंडा स्वच्छ असेल, तर मी भुरी म्हणायला घाई करणार नाही. पाण्याचे किंवा फवारणीचे वाळलेले डागही पांढरे असतात, पण त्यांची कड मधल्या भागापेक्षा ठळक असते, थेंब वाळल्यासारखी. आणि फ्लॅश वापरू नका. चकचकीत पानावर फ्लॅश पडला की निरोगी पानही पांढरं येतं. सकाळच्या तिरप्या उजेडात काढलेल्या फोटोत पिठाचा उठाव दिसतो.

वाकड्या पानाकळीबद्दलचा दावा तिन्हीत कमजोर आहे. भुरीनेही कोवळं पान आकसतं, कडा वर वळतात, कधी पान लालसर-जांभळट होतं, आणि हे पीठ ठळक दिसायच्या आधीही होऊ शकतं. कळीचं बघायचं तर फोटो समोरून नको, कळी जिथे देठाला मिळते तिथला बाजूने हवा. तिथे मावा असेल तर तो लपत नाही. हिरवा किंवा गुलाबी, दाटीने बसलेला, मागच्या टोकाला दोन बारीक नळ्या असलेला. भुरी असेल तर देठ मखमल चढल्यासारखा पांढुरका दिसतो. दोन्ही नसेल आणि पाकळ्यांच्या कडा करपट तपकिरी, कळी अर्धवट उघडलेली असेल, तर फुलकिड्यांचा संशय घ्या. ते पाकळ्यांच्या आत असतात, बाहेरून कितीही फोटो काढले तरी दिसायचे नाहीत. कळी पांढऱ्या कागदावर झटका आणि कागदाचा फोटो काढा.

राहिलं औषध मारायचं. भुरी किंवा ब्लॅक स्पॉटसाठीचं बुरशीनाशक माव्यावर मारून मावा जात नाही, आणि मावा असेपर्यंत काजळी पुन्हा धरते. मावा पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने बराचसा धुऊन निघतो. पण त्याच झाडाला खरा ब्लॅक स्पॉट असेल तर हे धुणं सकाळीच करायला हवं. त्याच्या बीजाणूंना रुजायला पान सलग काही तास, साधारण सात तासांहून जास्त, ओलं लागतं, आणि संध्याकाळी धुतलेलं पान रात्रभर ओलं राहतं. भुरीचं उलट आहे. तिला दमट हवा चालते, पण पानावर पाण्याचा थर असेल तर तिचे बीजाणू नीट रुजत नाहीत.

एका झाडावर तिन्ही एकदम असू शकतात, तेव्हा एका फोटोत एकच उत्तर शोधू नका. अख्खी फांदी एका फोटोत घ्या, म्हणजे त्रास वर आहे की खाली ते कळेल. मग तेच पान वरून आणि खालून, आणि शेवटी कळीचा देठ. कोवळं पान नुसतं आकसलेलं असेल आणि त्यावर ना पीठ दिसत असेल ना कीड, तर त्या दिवशीच्या फोटोवरून मी काहीच सांगत नाही. दोन-तीन दिवसांनी तेच पान पुन्हा काढून पाठवायला सांगतो. भुरी असेल तर तोवर पीठ दिसायला लागलेलं असतं.