कुलूप शाबूत, रक्कम चुकीची

गेल्या सोमवारी सांगलीच्या मार्केट यार्डातील एका अडत पेढीत मालकांनी मला सर्वांसमोर विचारले, "तुमचे ते कुलूप नक्की कशाला लावले होते?" प्रश्न सौम्य होता, मात्र शेजारी बसलेल्या अण्णा दिवाणजींच्या मिशीतले हसू सौम्य नव्हते आणि ते मी अजून विसरलेलो नाही.

पेढीतल्या हळदीच्या हिशोबाची एक्सेल फाईल मी बनवली आहे. 'डी' स्तंभात वजन, 'ई' स्तंभात दर आणि 'एफ' स्तंभात रक्कम, म्हणजे `=D14*E14` असे साधे सूत्र. अण्णांचा संगणकावर विश्वास नसल्यामुळे ते कॅल्क्युलेटरवर गुणाकार करून उत्तर थेट सूत्रावरच टंकत असत. त्यावर उपाय म्हणून मी सूत्रांना कुलूप लावायचे ठरवले. एक्सेलमधील प्रत्येक रकाना जन्मतःच कुलूपबंद असतो, फक्त ते कुलूप `Protect Sheet` केल्यावरच लागते, ही गंमत अनेकांना ठाऊक नसते. म्हणून आधी भरायचे स्तंभ निवडून, `Ctrl+1` दाबून, `Protection` या पानावरील `Locked` ची खूण काढली आणि मग पासवर्ड देऊन शीट बंद केले. अण्णांनी रकमेवर टंकायला जाताच संगणकाने नकार दिला. "चाळीस वर्षे मी तिजोरी सांभाळली," ते म्हणाले, "आता मलाच कुलूप?" मी विजयी मुद्रेने चहा मागवला.

शनिवारी तळाची बेरीज `#REF!` दाखवू लागली.

"अण्णा, रकमेच्या स्तंभाला हात लावलात का?"

"तुम्हीच लावू देत नाही ना!"

"मग काय केलेत?"

"चौदाव्या ओळीचे वजन चुकून पंधराव्यात पडले होते, ते उचलून वर नेले. रकान्याच्या कडेवर बाण चौफेर झाला, की धरून ओढायचे. नातवाने शिकवले आहे." नातू आठवीत आहे. त्याचा शिकवण्याचा उत्साह पाहता पेढीवर आणखी काय काय आदळणार आहे, याचा विचार मी सध्या टाळतो.

अण्णांनी काहीही नियमबाह्य केले नव्हते, हीच खरी चीड होती. दोन्ही रकाने भरण्यासाठी मोकळे होते. पण रकाना ओढणे म्हणजे फक्त आकडा हलवणे नव्हे; एक्सेल त्या रकान्याकडे पाहणाऱ्या सर्व सूत्रांना त्याच्या नव्या पत्त्यावर पाठवते आणि ज्याच्यावर तो बसला, त्याचा पत्ता पुसून टाकते. सूत्र कुलूपबंद असले, तरी हा बदल एक्सेल स्वतः करत असल्यामुळे कुलूप मध्ये येत नाही. परिणामी दोन ओळी अशा झाल्या:

```
F14: =#REF!*E14
F15: =D14*E15
```

चौदावी ओळ निदान ओरडत तरी होती. पंधरावी मात्र निमूट खोटे बोलत होती. अण्णांनी तिथे खरे वजन 9.10 क्विंटल आणि दर 13,200 रुपये भरला. रक्कम 1,20,120 यायला हवी होती. सूत्र वरच्या ओळीतील 12.40 क्विंटल धरून 1,63,680 सांगत होते. म्हणजे एका शेतकऱ्याच्या नावावर 43,560 रुपये फुकट चढले होते आणि पडद्यावर त्याची एकही लाल खूण नव्हती. फाईल साठवून बंद केल्यामुळे `Ctrl+Z` चाही उपयोग उरला नव्हता.

`File`, `Options`, `Advanced` मध्ये जाऊन `Enable fill handle and cell drag-and-drop` ची खूण काढता येते. मात्र ती सोय त्या एका संगणकापुरती असते, फाईलबरोबर जात नाही, आणि `Ctrl+X` करून हलवणाऱ्याला ती अडवतही नाही. म्हणून रविवारी घरी बसून (त्या दिवशी बायकोच्या माहेरी जेवण होते, हा विषय वेगळा आणि अधिक स्फोटक आहे) मी शीट उघडले आणि 'एफ' स्तंभातील सूत्रे बदलली:

```
=INDEX($D:$D,ROW())*INDEX($E:$E,ROW())
```

हे सूत्र विशिष्ट रकान्याला चिकटत नाही. संपूर्ण स्तंभातून आपल्याच ओळीचा आकडा शोधते. त्यामुळे अण्णांनी वजने दिवसभर वर-खाली ओढली, तरी त्याचा पत्ता बदलत नाही. मग पुन्हा कुलूप लावले.

सोमवारी मालकांना हे सर्व समजावण्यासाठी मी तोंड उघडणार, तोच अण्णा म्हणाले, "बेरजेतली ती जाळी मला आधी दिसली म्हणून बरे, नाहीतर पट्टी तशीच गेली असती." मालकांनी अण्णांची पाठ थोपटली. मी माझा चहा गार होईपर्यंत पाहत बसलो.