एक लाख फायली, आठ अक्षरांचा हॅश आणि चुकलेला हिशोब

> “बॅकअपमध्ये तीच फाइल दोनदा साठवायची नसेल तर SHA-256 ची पहिली आठ अक्षरं पुरतात. त्यात ४२९ कोटी वेगवेगळे आकडे येतात, आपल्या फायली फार तर एक लाख, म्हणजे टक्कर व्हायची शक्यता ४३ हजारांत एक. शिवाय SHA-256 आजवर कुणी फोडलेला नाही. अख्खी ६४ अक्षरं ठेवून जागा कशाला घालवायची?”

हॅश म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठरावीक लांबीचा आकडा. दोन वेगळ्या फायलींचा तो सारखाच आला की टक्कर.

वरच्या सल्ल्यातल्या ४३ हजारांबद्दल. भागाकार बरोबर आहे, पण तो वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देतो. एक लाख फायली आधीच साठवलेल्या असताना नव्याने आलेली एकच फाइल त्यांतल्या कुणाशी धडकेल, याची ती शक्यता. बॅकअपमध्ये मात्र कुठल्याही दोन फायली धडकल्या तरी नुकसान होतं, म्हणून फायली नव्हे, जोड्या मोजायला हव्यात. १,००,००० × ९९,९९९ ÷ २ म्हणजे जवळजवळ ५०० कोटी जोड्या, आणि प्रत्येक जोडी धडकण्याची शक्यता ४२९ कोटींत एक. सरासरी १.१६ टकरी होणार हे तिथेच दिसतं. निदान एक तरी टक्कर होण्याची शक्यता 1 − e^(−1.16), म्हणजे सुमारे ६९ टक्के.

वाढदिवसाचा विरोधाभास म्हणतात तो हाच: खोलीत २३ माणसं असली की २५३ जोड्या होतात, आणि दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याच्या वर जाते. हॅशचं प्रत्येक अक्षर ४ बिटांचं, म्हणजे आठ अक्षरांचे ३२ बिट; त्यांच्यासाठी ही निम्म्याची वेळ ७७ हजार फायलींवर येते. एक टक्का धोका तर ९,३०० फायलींवरच. कागदावरचं गणित पटत नसेल तर हे चालवून बघा:

```python
import hashlib
seen = {}
for i in range(200000):
    h = hashlib.sha256(str(i).encode()).hexdigest()[:8]
    if h in seen:
        print(seen[h], i, h)
        break
    seen[h] = i
```

दोन लाखांपर्यंत एकही टक्कर न सापडण्याची शक्यता एक टक्क्याहूनही कमी असते.

SHA-256 च्या मजबुतीबद्दल. ती मजबुती सगळ्या २५६ बिटांची. आठ अक्षरं कापून घेतली की हातात ३२ बिट उरतात. बाकीचे २२४ बिट तुमच्या कोडने फेकून दिलेले असतात. चांगल्या हॅशकडून फार तर एवढीच अपेक्षा ठेवता येते की त्याचं उत्तर यादृच्छिक आकड्यासारखं दिसावं. पण यादृच्छिक आकडेही जोड्यांच्या या हिशोबातून सुटत नाहीत.

लांबी कशी निवडायची याचा ढोबळ नियम सोपा आहे: b बिटांचा हॅश साधारण 2^(b/2) वस्तूंपर्यंत तग धरतो. ६४ बिट घेतले तर एक लाख फायलींना धोका जवळजवळ शून्य, पण १०० कोटी नोंदींना तो २.७ टक्क्यांवर जातो. १२८ बिटांना अपघाती टकरीची भीती व्यवहारात उरत नाही. गिटसुद्धा कमिटचा छोटा हॅश किती अक्षरांचा दाखवायचा ते भांडारातल्या वस्तूंच्या अंदाजे संख्येवरून याच नियमाने ठरवतं. लिनक्स कर्नलमध्ये कमिटचा उल्लेख करताना निदान १२ अक्षरं द्या असं सांगतात, ते उगीच नाही.

हे सगळं अपघाताचं. कुणी मुद्दाम टक्कर घडवायला बसलं तर गणित तेच, हेतू वेगळा. निरुपद्रवी कराराचे आणि घातक कराराचे प्रत्येकी असंख्य मसुदे करायचे, फरक फक्त रिकाम्या जागांचा, आणि एकाच हॅशची जोडी शोधायची. ६४ बिटांना यासाठी सुमारे 2^32 हॅश लागतात, म्हणजे आजच्या साध्या संगणकाचंही काम. म्हणूनच सही किंवा पडताळणीसाठी २५६ बिट, आणि तेही न कापता. १६० बिटांच्या SHA-1 ला या हिशोबाने 2^80 श्रम लागायला हवे होते. २०१७ मध्ये त्याची टक्कर साधारण 2^63 मध्येच काढून दाखवली गेली. लांबी ही वरची मर्यादा आहे. हॅशच कच्चा निघाला तर तेवढंही मिळत नाही.

जागेबद्दल. पूर्ण हॅश ३२ बाइट, कापलेला ४. एक लाख फायलींमागे वाचतात २८ लाख बाइट. मोबाइलवरच्या एखाद्या फोटोएवढी ही बचत! ६४ अक्षरांचा मजकूर साठवणं मात्र खरंच उधळपट्टी आहे; त्याऐवजी ३२ बाइटांचा बायनरी स्तंभ ठेवा, MySQL मध्ये `BINARY(32)`.

आणि या बचतीची किंमत? टक्कर झाली की बॅकअप ‘ही फाइल आहेच’ असं समजून दुसरी साठवतच नाही. कुठलीही चूक दिसत नाही, नोंदवहीत सगळं ठीकठाक. PostgreSQL मध्ये `ON CONFLICT DO NOTHING` लिहिलं असेल तर डेटाबेसने जी तक्रार केली असती तीही गिळली जाते. महिन्यांनी फाइल परत मागवली की दुसरीच उघडते. आधीच आठ अक्षरांवर चालणारी व्यवस्था असेल तर मूळ फायली हयात आहेत तोवर त्यांचे पूर्ण हॅश काढा आणि आठ अक्षरं सारखी पण उरलेली वेगळी अशा जोड्या शोधा.

३२ बिट चालतात अशी जागाही आहे: प्रोग्रामच्या आतला हॅश टेबल. तिथे हॅश जुळल्यावर मूळ किल्ली पुन्हा ताडून बघितली जाते, त्यामुळे टकरीने फार तर वेळ जातो, माहिती जात नाही.