सोडियमचं नवं मशीन खरंच कमी दाखवतं का?

“जुन्या मशीनचे आकडे एक्स अक्षावर, नव्याचे वाय अक्षावर घ्या आणि एक्सेलची ट्रेंडलाइन टाका. उतार १ पेक्षा कमी आला तर नवं मशीन कमी दाखवतंय. आर-स्क्वेअर ०.९५ च्या वर असेल तर दोन्ही मशीन सारखीच. फारच शंका असेल तर ऑर्थोगोनल रिग्रेशन लावा, ते चुकतच नाही.”

धंतोलीतल्या एका लॅबमधून हा मेसेज माझ्यापर्यंत तीनदा आला. आधी उताराचं बघू.

ट्रेंडलाइन सगळी चूक वायच्या माथी मारते आणि एक्सचा आकडा बिनचूक धरते. हिशोब सोपा जावा म्हणून समजा, पेशंटांच्या खऱ्या सोडियमचं प्रमाण विचलन ३ आहे, म्हणजे व्हेरिअन्स ९. दोन्ही मशीनची चूक १.५, म्हणजे व्हेरिअन्स २.२५. दोन्ही मशीन सरासरीनं अगदी बरोबर. तरी एक्सचा पसारा ११.२५ होतो, दोघांचा सामायिक भाग ९ च राहतो, आणि उतार येतो ९ ÷ ११.२५ = ०.८. आता अक्ष उलटे करा. पुन्हा ०.८! म्हणजे नवं जुन्यापेक्षा कमी दाखवतं आणि जुनं नव्यापेक्षा कमी. असं कसं होईल बाप्पा?

ऑर्थोगोनल रेषा बिंदूंपासूनचं लंबांतर मोजते, दोन्ही चुका धरते. इथे तिचा उतार बरोबर १ येतो.

आर-स्क्वेअर याच उदाहरणात ०.६४ आहे, मशीन निर्दोष असूनही. पेशंटांचं प्रमाण विचलन ३ ऐवजी ३० असतं तर आर-स्क्वेअर ०.९९ च्या वर गेला असता. मशीन तीच, फक्त नमुने वेगळे. शिवाय नव्या मशीननं प्रत्येक नमुन्यात ५ जास्त दाखवले तरी आर-स्क्वेअर जागचा हलत नाही.

“चुकतच नाही” हे मात्र मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. लंबांतर मोजणं म्हणजे दोन्ही मशीनची चूक सारखी आहे असं गृहीत धरणं. समजा नव्याची चूक ३ आहे, म्हणजे व्हेरिअन्स ९. मग वायचा पसारा १८ होतो आणि ऑर्थोगोनल उतार येतो १.४४. ट्रेंडलाइनपेक्षाही वाईट! दोन चुकांच्या व्हेरिअन्सचं गुणोत्तर, ९ ÷ २.२५ = ४, सूत्रात घातलं की उतार परत १ होतो. यालाच डेमिंग रिग्रेशन म्हणतात:

```
b = (Syy - L*Sxx + SQRT((Syy - L*Sxx)^2 + 4*L*Sxy^2)) / (2*Sxy)
```

`Sxx` आणि `Syy` म्हणजे एक्सचा आणि वायचा पसारा, `Sxy` म्हणजे दोघांचा सामायिक भाग. `L` म्हणजे वायच्या चुकीचा व्हेरिअन्स भागिले एक्सच्या चुकीचा. तो अंदाजानं टाकू नका. प्रत्येक नमुना दोन्ही मशीनवर दोनदा लावा. दोन वाचनांतल्या फरकांचे वर्ग करून बेरीज करा आणि नमुन्यांच्या दुपटीनं भागा, म्हणजे त्या मशीनच्या चुकीचा व्हेरिअन्स मिळतो.

साखरेच्या चाचणीत आकडा वाढतो तशी चूकही वाढते, त्यामुळे तिथे हे साधं सूत्र पुरत नाही, वजन दिलेलं डेमिंग लागतं. सोडियमला मात्र ते करत बसू नका, त्याची चूक एवढ्याशा टप्प्यात फारशी बदलत नाही.